फुटक्या विटेचा धनी

2014 च्या आधीच्या डिसेंबरात मी एका विटाभट्टीवाल्याला पत्र लिहिलं होतं. कोठ्यासाठी विटा पाहिजे होत्या. तिकडं पुण्या-मुंबईकडं गोठा म्हणतात, आमच्या वर्धा जिल्ह्यात ढोरं बांधायच्या जागेला कोठाच म्हणतात. त्या पत्राची एक नक्कल मी वहीत ठेवली आहे. विटांचं पत्र काय जपायचं, असं कोणालाही वाटेल. पण त्या एका पानावर "फुटलेली वीट कोणाची" हा प्रश्न आला, आणि तो अजूनही माझ्यापुढं तसाच आहे. म्हणून सगळा हिशेबच मांडतो.

फोन असताना पत्र कायले, हे भट्टीवाल्यानंही विचारलं होतं. त्याचं कारण साधं आहे. विटेचा सौदा एकट्या मालकाशी होतच नाही. मालक हो म्हणतो, मुकादम विटा मोजून देतो, आणि ट्रॅक्टरचा डायव्हर त्या आणून टाकतो. फोनवर मालकाला सांगितलेलं डायव्हरपर्यंत पोचत नाही. तो आपला रात्री आठ वाजता येतो, हायड्रॉलिकची ट्रॉली उलटवतो आणि धडाम करून ढीग करून जातो. मग तुम्ही फोन करत बसा. कागद मात्र ट्रॉलीसोबत येतो. त्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

आमचा जुना कोठा मातीच्या भिंतीचा होता, वर सागाच्या बल्ल्या आणि कवेलू. मातीच्या भिंतीला मी नावं ठेवणार नाही. सेवाग्रामची बापूकुटी मातीबांबूचीच आहे आणि गांधीजी तिथं राहिले. जवळपास मिळेल त्याच सामानानं घर बांधावं, असा त्यांचा आग्रह होता. पण माणसाच्या कुटीची भिंत आणि ढोरांच्या कोठ्याची भिंत यात फरक आहे. ढोर भिंतीला अंग घासतं, शिंगं घासतं. खाली गोमूत्र मुरतं. भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग दरवर्षी फुगतो आणि गळतो, तिथंच घुशी बिळं करतात. माझी गवळाऊ बैलजोडी, दोन गाई, एक कालवड आणि एक गोऱ्हा, एवढ्या सहा जीवांसाठी दर उन्हाळ्यात भिंत लिंपून लिंपून घरचे कंटाळले होते. त्या वर्षी कापूस बरा पिकला, म्हणून पक्का कोठा बांधायचं ठरलं.

आता मोजमाप. कोठा तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, लांबी पूर्व-पश्चिम. आमच्याकडं पावसाची झड दक्षिण-पश्चिमेकडून येते आणि उन्हाळ्याची झळ पश्चिमेची. म्हणून त्या दोन बाजूंनाच भिंत घ्यायची, उत्तर आणि पूर्व मोकळी ठेवायची, म्हणजे हवा खेळती राहते. चारी बाजूंनी बंद केलेल्या कोठ्यात ढोरांना उबारा होतो आणि गोचिडं वाढतात. काळ्या मातीत पाया घ्यायचा तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत सोबत चिरते. पाया आणि जोतं काळ्या दगडाचं, म्हणजे तिथं विटा नाहीत.

आमच्या भागातल्या विटेला नऊ-चार-तीन म्हणतात. नऊ इंच लांब, चार रुंद, तीन उंच. दर्जेसह धरली तर नऊ इंची भिंतीच्या एका चौरस फुटाला पावणेनऊच्या आसपास बसतात, मिस्त्री सरळ नऊ धरतो. पश्चिमेची भिंत पंधरा फूट लांब आणि सात उंच, म्हणजे एकशे पाच चौरस फूट, त्याच्या 945 विटा. दक्षिणेची तीस फूट, पण उंची पाचच फूट, वर हवेसाठी मोकळी, तिच्या 1350. उत्तरेला दीड विटेचे चार खांब, आठ-आठ फूट उंच. एका थराला साडेचार विटा आणि अठ्ठावीस थर, म्हणजे खांबाला 126, चारी मिळून 504. मग गव्हाण. दक्षिणेच्या भिंतीलगत तीस फुटांची, पुढची भिंत दोन फूट उंच, तिच्या 540 आणि दोन टोकांच्या 72. एवढं झालं भिंतींचं काम, 3411 विटा.

उरलं खालचं. ढोरं उभी राहतात ती साडेपाच फुटांची पट्टी खड्या विटेची, म्हणजे वीट कडेवर उभी लावून. आडवी वीट खुरानं लवकर फुटते, खडी टिकते. तिला 825. गव्हाणीच्या तळाला आडव्या 210, आणि गोमूत्र वाहून खड्ड्यात जावं म्हणून मागच्या बाजूच्या मोरीला 120. हे झाले 1155. हे काम साध्या विटेचं नाही. गोमूत्रात खार असतो, तो कमी भाजलेल्या विटेत शिरतो, तिला पांढरा लोणा येतो आणि पापुद्रे सुटतात. तिथं खंगर पाहिजे, म्हणजे भट्टीच्या पोटात जास्त आच लागून काळसर लाल झालेली वीट. मात्र वाकडी झालेली खंगर नको, फरशीत तिचं टोक वर राहतं आणि ढोर ठेचकाळतं. भिंत बांधणारे खंगरला नाक मुरडतात, म्हणून ती स्वस्तही मिळते.

भिंतीच्या 3411 आणि खालच्या 1155 मिळून 4566. त्यावर मिस्त्रीनं शेकडा पाच धरायला सांगितलं, तोडकाप आणि फूट म्हणून. माझी बेरीज 4800 वर आली. ट्रॉलीत सोळाशे विटा नीट रचून येतात, वजन साडेचार टनांच्या आत राहतं, तीन खेपांत काम.

इथपर्यंत शाळेतलं गणित. पत्र लिहायला बसलो तेव्हा घरात मेव्हणा होता. तो म्हणाला, "भाऊजी, हजारी पन्नास वरून द्या, हे लिहा. सगळेच लिहितात." आमच्याकडं ही रीत आहे. हजार विटांचे पैसे द्यायचे आणि साडेदहाशे घ्यायच्या. वरच्या पन्नास फुटीच्या. न मागता मिळतात, मागितल्या तर हक्कानं मिळतात.

माझा पेन तिथं थांबला, कारण चारच दिवसांपूर्वी मी कापूस विकून आलो होतो. बाजारात काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. काट्यावर वजन होतं, मग ओल आहे, कवडी आहे म्हणून क्विंटलमागं किलो-दोन किलो कडता कापतात. कापूस कोरडा असला तरी कापतात. आपण विचारलं, की उत्तर मिळतं, "रीतच आहे, काका." त्या उत्तराचा राग घेऊन मी घरी आलो होतो, आणि आता पत्रात मीच दुसऱ्याच्या मालावर कडता लिहिणार होतो. फक्त त्याचं नाव वेगळं, फूट. मेव्हण्याला म्हटलं, पत्र उद्या लिहू, आधी भट्टीवर जाऊन येतो.

भट्टी आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, नदीच्या काठाला. आमच्या वावरातल्या निव्वळ काळ्या मातीची वीट होत नाही, वाळताना ती तडकते. म्हणून नदीनाल्याचा पोयटा घेतात, त्यात राख आणि भुसा मिसळतात. माती पाहायची ती एका गोष्टीसाठी. आमच्या जमिनीत चुनखडीचे बारीक खडे असतात. ते मातीत राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. वीट वरून चांगली दिसते, वाजते पण खणखणीत. मात्र पाणी लागलं, की आतला चुना फुगतो आणि विटेचा टवका उडतो. ओळखायचं कसं? दोन-चार विटा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि मग दोन-तीन दिवस नुसत्या पाहायच्या. पांढरा ठिपका दिसून तिथंच फुटली, तर त्या मातीची वीट घेऊ नये. दोन विटा एकमेकींवर वाजवणं, कमरेइतक्या उंचीवरून सोडून पाहणं, नखानं ओरखडा काढणं, हे सगळे करतात. पाण्याची परीक्षा कोणी करत नाही, कारण तिला तीन दिवस लागतात. मी सहा विटा पिशवीत घालून घरी आणल्या होत्या. चुना निघाला नाही.

भट्टीवर छत्तीसगडकडून आलेली सात-आठ जोडपी विटा पाथत होती. एकजण चिखल तुडवतो, दुसरा साच्यात भरून जमिनीवर उपडी करतो. बाई वाळत घातलेल्या विटा पालथ्या करत फिरते, पोरंही तेच करतात. एक जोडपं दिवसाकाठी हजाराच्या आसपास विटा पाडतं. त्यांना मजुरी हजारावर. त्या वर्षी तिथं हजाराला चारशे रुपये होती. मी एका पाथणाऱ्याला सहज विचारलं, की आज किती झाल्या. तो म्हणाला, "हजार हुआ बाबूजी. लेकिन यहाँ हजार मतलब साढ़े दस सौ."

मी मुकादमाकडं पाहिलं. त्यात त्याला लपवायचं काही वाटलं नाही. वाळताना चिरते, उचलताना कोपरा जातो, म्हणून हजारावर पन्नास जास्त मोजून घ्यायची रीत आहे, असं तो म्हणाला. तोच शब्द, रीत.

मग माझ्या डोक्यात हिशेब बसला. पाथणारा साडेदहाशे पाडतो आणि हजाराची मजुरी घेतो. मी साडेदहाशे घेतो आणि हजाराचे पैसे देतो. म्हणजे ज्या पन्नास विटा मला फुकट मिळतात, त्या कोणीतरी फुकट पाथलेल्या असतात. माझ्या 4800 विटांवर 240 वरच्या आल्या असत्या. साडेतीन हजार रुपये हजारी भावानं त्यांची किंमत 840 रुपये. पाथणाऱ्याची त्यात बुडालेली मजुरी 96 रुपये. शहाण्णव रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नाही, असं मेव्हणा म्हणाला. पण एक जोडपं हंगामात लाखभर विटा पाडतं. लाखावर पाच हजार वरच्या, म्हणजे दोघा नवरा-बायकोचे पुरे पाच दिवस. आणि दसऱ्याला उचल घेऊन आलेला माणूस मोजणीच्या वेळी तोंड उघडत नाही. उचल फिटेपर्यंत त्याला निघून जाता येत नाही, मग भांडून काय करणार.

मालकाशी बोललो तेव्हा त्याचीही बाजू ऐकली, आणि ती खोटी नव्हती. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, तुम्हाले वाटते मी मधातल्या मधात खातो. भट्टीच्या बाहेरच्या थराच्या विटा पिवळ्याच निघते, त्या कोण घेते? आतल्या कधी चिकटून गोळा होते. ते सारं माह्या अंगावर. पन्नास नाही दिल्या, तर गिऱ्हाईक दुसऱ्या भट्टीवर जाते." खरंच आहे. भाजण्यातली नुकसानी तोच सोसतो. पण ती नुकसानी त्यानं विटेच्या भावात धरलेली असते. पाथणाऱ्याच्या मजुरीत मात्र त्याची फूट धरलेली नसते, ती वरून कापलेली असते.

आमच्या वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहत. संघ 1934 साली निघाला. त्यांच्या 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट' या पुस्तकात एक विचार आहे, तो मी शिबिरात एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडून प्रथम ऐकला. विकत घेणारा नुसता पैसे देऊन मोकळा होत नाही, वस्तू ज्या रीतीनं तयार झाली तिच्यात त्याचाही वाटा असतो. म्हणून जिथलं तयार होणं आपल्याला पाहता येईल, तिथलं घ्यावं, असा त्यांचा रोख होता. नऊ किलोमीटरवरची भट्टी मला पाहता येत होती. पण पाहिल्यावर काय करायचं, हा पुढचा प्रश्न राहतोच. जवळची वस्तू घेतली म्हणजे ती आपोआप न्यायाची होते, असं मला वाटत नाही. भट्टी जवळ होती, मोजणी तशीच होती.

मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. फूट कुठं कुठं होते ते पाहिलं, तर चार जागा दिसल्या. पाथणीवर, भाजणीत, ट्रॉलीत आणि माझ्या अंगणात उतरवताना. ज्याच्या हातानं टळली असती, त्यानं ती सोसावी, असं मला सरळ वाटलं. भाजणीतली मालकाची. रस्त्यातली ट्रॅक्टरवाल्याची. उतरवतानाची माझी, कारण माणसं माझी. मग वरच्या पन्नास मी कशाच्या मागतो? माझ्याकडं आल्यावर फुटली, तर ती मीच फोडलेली असते. शिवाय मिस्त्रीनं शेकडा पाच आधीच धरले होते. आणि फुटकी वीट वाया कुठं जाते? भिंतीच्या टोकाला एक थर सोडून एक अद्धा लागतोच, नाही तर सांध्यावर सांधा येतो आणि भिंत तिथंच फाटते. मिस्त्री चांगली वीट तोडून अद्धा करतो. कोपरा उडालेली दिली तर तीच चालते. म्हणजे फुटीच्या नावानं मी एकदा हिशेबात धरून पुन्हा दुसऱ्यांदा मागणार होतो.

शेवटी पत्र असं लिहिलं:

"श्री. भट्टीवाले भाऊ यांस,
राम राम वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या भट्टीवर बोलणे झाल्याप्रमाणे कोठ्याकरिता विटा पाहिजेत त्या खालीलप्रमाणे.
भिंतीकरिता चांगली भाजलेली, सारख्या मापाची वीट 3600. फरशी व मोरीकरिता खंगर, पण सरळ, वाकडी नको, 1200. एकूण 4800. चांगल्या विटेचा भाव हजारी साडेतीन हजार, खंगरचा आपण सांगितला तोच मान्य.
पहिल्या दोन खेपा 25 ते 30 जानेवारीच्या दरम्यान पाठवाव्या, प्रत्येकी 1600, दोन्ही चांगल्या विटेच्या. त्याआधी पाठवू नये, पांदणीतली माती ओली आहे, ट्रॉली फसेल. तिसरी खेप 12 ते 15 फेब्रुवारी, तीत चांगली 400 व खंगर 1200. खंगर आधी पाठवू नये.
ट्रॉली दिवसा यावी. उलटवू नये. उतरवायला माझी चार माणसे राहतील, त्यांची मजुरी माझ्याकडे. मोजणी उतरवताना डायव्हरसमोर होईल. ट्रॉलीतच फुटलेली वीट डायव्हरने मान्य करावी, उतरवताना फुटलेली माझी.
हजारी पन्नास वरच्या मला नकोत. माझ्या 4800 विटा पाथणाऱ्यांच्या हिशेबात 4800 च धराव्या, 5040 पाथून 4800 धरू नयेत, एवढी विनंती आहे.
इसार रुपये पाच हजार सोबत. बाकी शेवटच्या खेपेला.
कळावे."

तारखांचं सांगायला पाहिजे. जानेवारीअखेर तूर निघालेली असते, हरभरा फेब्रुवारीच्या मध्यानंतर येतो, त्या मधल्या दिवसांत माणसं मिळतात. शिवाय बांधकामाला पाणी मारावं लागतं, आणि आमची विहीर मार्चनंतर तळाला जाते. फेब्रुवारीत भिंत उठली तरच ती पाण्यानं पक्की होते. खंगर मागून का, तर ती अंगणात पडलेली दिसली, की मिस्त्री हाताला येईल ती उचलून भिंतीत घालतो आणि फरशीच्या वेळी पिवळ्या विटा उरतात. मिस्त्री दिवसाला साडेचारशे विटा लावतो, भिंती आठ दिवसांत होणार होत्या, म्हणून पंधरा दिवसांचं अंतर.

पत्र वाचून मालक हसला. "काका, दुसरे लोक वरच्या नाही भेटल्या, तर भांडते. तुम्ही नको म्हणून लिहून देता." शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. म्हणाला, मोजणी मुकादम करतो, सांगून पाहतो. घरी कारभारीण म्हणाली, "अवं, तुमच्या एका चिठ्ठीनं भट्टीची रीत बदलन का?" मी म्हटलं, बदलणार नाही. तिनं विचारलं, "मग कायले लिहिलं?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. एवढंच म्हटलं, की बाजारात उद्या कडत्यावरून भांडायचं असलं, तर माझ्या वहीत असं पत्र असलेलं बरं.

खेपा वेळेवर आल्या, फक्त दुसरी दोन दिवस उशिरानं. उतरवताना चार माणसं रांगेत उभी राहून हातोहात झेलत होती, आणि आमचा म्हातारा सालदार रास मोजावी तसं लाभ म्हणून पहिली मोजत होता. दहाच्या दहा ओळी, शंभराचा एक थर, दोन थरांचा चट्टा. तिन्ही खेपा मिळून सत्त्याण्णव फुटल्या. ट्रॉलीतल्या एकोणतीस डायव्हरनं कुरकुर करत मान्य केल्या. उरलेल्या अडुसष्ट माझ्या, त्यातले अद्धे भिंतीत गेले आणि चुरा मोरीच्या खाली. शेवटी अंगणात पावणेदोनशेच्या वर विटा शिल्लक होत्या, त्यातून पाण्याच्या टाक्याचा ओटा झाला. वरच्या 240 घेतल्या असत्या, तर त्या पडूनच राहिल्या असत्या.

पाथणाऱ्यांच्या हिशेबात 4800 चे 4800 धरले गेले का, ते मला माहीत नाही. मुकादमाला विचारलं, तर "हो हो, सांगितलं ना" म्हणाला. त्या पाथणाऱ्याला विचारायला मी गेलो नाही. मुकादमासमोर त्याला विचारलं असतं तर त्यानं होच म्हटलं असतं, आणि एकट्यात विचारलं असतं तर मी भट्टीत भांडण लावतो असं झालं असतं. विनंती लिहिणं माझ्या हातात होतं, तपासणं नव्हतं. हा पत्राचा दुबळेपणा आहे. ज्या शर्तीची मोजणी माझ्या अंगणात झाली, ती पाळली गेली. जिची मोजणी दुसऱ्याच्या अंगणात होती, तिचं काही सांगता येत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या नियमात बसलीच नाही. फेब्रुवारीच्या शेवटाला आणि मार्चात त्या वर्षी महाराष्ट्रभर गारपीट झाली, लोकांना अजून आठवत असेल. आमच्या गावात गहू लोळला, काढून ठेवलेला हरभरा भिजून काळा पडला. माझा कोठा तोवर उभा होता, टिनं चढली होती, ढोरं आत होती. भट्टीवर वाळत घातलेल्या सगळ्या कच्च्या विटा एका रात्रीत पुन्हा चिखल झाल्या. कच्च्या विटेची मजुरी मोजणीनंतर मिळते, आणि त्या अजून मोजल्या नव्हत्या. जोडप्यांनी तोच चिखल पुन्हा तुडवला आणि त्याच विटा दुसऱ्यांदा पाडल्या.

ही फूट कोणाची? ज्याच्या हातानं टळली असती त्याची, असं मी लिहून बसलो होतो. गार कोणाच्या हातानं टळते? मालक म्हणेल, माझी माती गेली, राख गेली, दिवस गेले, मी आणखी मजुरी कुठून देऊ. पाथणारा म्हणेल, मी तर पाडून दिल्या होत्या. दोघांचंही खरं आहे. माझ्या मनाला असं वाटतं, की वीट साच्यातून बाहेर पडली, की पाडणाऱ्याचं काम झालं, पुढचा पाऊस धंद्याचा, आणि धंदा मालकाचा. विटेला भाव चढला, की पाथणाऱ्याला वाढीव काही मिळत नाही, मग आभाळाचा तोटा तेवढा त्याच्या वाट्याला का यावा. मालकाला हे बोललो, तर तो म्हणाला, "काका, तुमच्या वावरात गार पडली तर सालदाराचा पगार देता का?" मी म्हटलं, देतो. सालदार सालावर असतो, गार पडो की पीक येवो. तो म्हणाला, "आणि सरकी निंदणाऱ्या बाया, गुत्त्यानं घेतलेल्या? अर्ध्या निंदणावर पाऊस आला तर?" तिथं मी गप्प राहिलो. गुत्त्याच्या कामाला आमच्याकडंही पुरं झाल्यावरच पैसे देतात. त्या वर्षापासून माझ्या वावरात जेवढ्या ओळी निंदून झाल्या तेवढ्यांचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी देतो. पुढं पाऊस येवो न येवो. शेजारचे म्हणतात, काका बायांना बिघडवतात.

मार्चात तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. माझ्या हरभऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून त्यांनी क्षेत्र लिहिलं, सर्व्हे नंबर लिहिला, माझी सही घेतली. तिथून नदीकाठची भट्टी दिसते, धूर नव्हता त्या दिवशी. मी तलाठ्याला म्हटलं, तिकडंही लोकांचं नुकसान झालं आहे. त्यानं हात डोळ्यांवर धरून पाहिलं आणि विचारलं, "त्यांचा सातबारा कोणत्या गावचा?"